मेलवरून बनवलेले टास्क लॅपटॉपवर दिसतात, फोनवर दिसत नाहीत

रानवारा

नमस्कार मंडळी. कामाच्या लॅपटॉपवर मी क्लासिक आउटलुक वापरते. त्यात दोन खाती जोडलेली आहेत. एक कामाचं, मायक्रोसॉफ्ट ३६५ वरचं. दुसरं माझ्या स्वतःच्या डोमेनचं, आयमॅपने जोडलेलं. फोनवर मायक्रोसॉफ्टचं टू डू हे ॲप आहे आणि त्यात कामाच्या खात्याने लॉगिन केलंय.

एखाद्या मेलवर पुढे काही करायचं असेल तर मी कधी त्या मेलला फ्लॅग लावते, कधी मेल ओढून खालच्या Tasks च्या चिन्हावर टाकते. ओढून टाकलं की टास्कची खिडकी उघडते, तारीख घालते, सेव्ह करते. लॅपटॉपवर To-Do List मध्ये हे सगळं एकाखाली एक व्यवस्थित दिसतं. फोनवर मात्र त्यातले काही दिसतात आणि बरेचसे दिसतच नाहीत. एरर येत नाही, काही नाही. बाहेर असताना मी फोनवरच्या यादीवर विसंबते, त्यामुळे दोन कामांची मुदत नजरेआड झाली. काही टास्क येतात आणि काही येत नाहीत, यामागचा नियम काय तो मला समजून घ्यायचाय.

सांजवारा

फोनच्या सेटिंगमध्ये बॅटरी सेव्हर चालू असेल. त्याने मेल ॲप मागे बंद होतं आणि नवीन मेल उशिरा येतात. माझ्याकडे हेच व्हायचं. मेल ॲपला बॅटरीच्या बंधनातून वगळा, सगळे मेल वेळेवर येऊ लागतील.

रानवारा

@सांजवारा, धन्यवाद, पण मेल वेळेवर येतात. प्रश्न मेलवरून केलेल्या टास्कचा आहे. आणि ते उशिरा येत नाहीत, आठवडे गेले तरी येत नाहीत.

मधुमालती

टू डूमध्ये Flagged email नावाची यादी असते, ती आपणहून चालू करावी लागते. ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन ते बटण चालू करा. माझा प्रश्न तेवढ्यानेच सुटला होता. आणि ॲपमध्ये दोन खाती असतील तर बरोबर खातं उघडलंय ना तेही बघा.

रानवारा

ती यादी चालू आहे. त्यात कामाच्या मेलचे फ्लॅग दिसतात. गंमत म्हणजे तेवढेच दिसतात. ओढून केलेला एकही टास्क दिसत नाही, आणि माझ्या डोमेनवरच्या मेलला लावलेले फ्लॅगही नाहीत.

कळसूत्र

रानवारा, तुमच्या या शेवटच्या वाक्यात निम्मं उत्तर आहे. मी बरीच वर्षं मेल सर्व्हर सांभाळण्याच्या कामात आहे आणि ही तक्रार पुन्हा पुन्हा येते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आउटलुकमधली To-Do List म्हणजे साठवण्याची जागा नव्हे. ती नुसती एक नजर आहे. सगळ्या खात्यांत आणि सगळ्या डेटा फाइलींत जिथे जिथे फ्लॅग लावलेला मेल किंवा टास्क सापडेल, तो उचलून ती एका यादीत दाखवते. त्यामुळे तुम्हाला वाटतं की हे सगळं एकत्र आहे. प्रत्यक्षात त्या यादीतल्या ओळी वेगवेगळ्या ठिकाणी राहतात. टू डू मात्र एकाच ठिकाणी पाहतं: ज्या खात्याने लॉगिन केलंय त्याच्या सर्व्हरवरच्या मेलबॉक्समध्ये. तिथे जे नाही ते फोनला कधीच कळणार नाही, मग ॲप कितीदा काढून पुन्हा टाका.

आता तुमच्या ओळी कुठे राहतात ते पाहू. To-Do List उघडा, वर View टॅबमध्ये Arrangement मध्ये Folder निवडा. यादी फोल्डरप्रमाणे विभागली जाईल. कोणती ओळ कोणत्या फोल्डरच्या मथळ्याखाली येते ते इथे सांगा. दुसरं, डावीकडे फोल्डरची पूर्ण यादी काढा (Ctrl+6) आणि प्रत्येक खात्याखाली Tasks नावाचा फोल्डर आहे का ते बघा. त्याच्या नावापुढे This computer only असं लिहिलेलं असेल तर तेही सांगा.

टिपणवही

याहून सोपं आहे. File मध्ये Account Settings, त्यात Data Files. फाइलच्या नावाचा शेवट .ost असेल तर ती सर्व्हरशी जोडलेली, .pst असेल तर फक्त तुमच्या मशीनवरची. ज्या फाइलवर डीफॉल्टची खूण आहे ती .ost आहे का बघा. असेल तर टास्क सर्व्हरवर आहेत आणि दोष फोनचाच.

कळसूत्र

@टिपणवही, .pst बद्दल बरोबर. .ost बद्दल मात्र असं ठाम म्हणता येत नाही. आउटलुक २०१३ पासून आयमॅप खात्याची फाइलसुद्धा .ost च असते. आयमॅप हा फक्त मेल आणि मेलच्या फोल्डरांसाठीचा प्रोटोकॉल आहे, त्यात टास्क, कॅलेंडर, कॉन्टॅक्ट यांना जागाच नाही. तरी आउटलुक त्या खात्याखाली टास्कचा फोल्डर दाखवतं, म्हणून तर त्यापुढे This computer only लिहावं लागतं. म्हणजे फाइल .ost, पण तिच्यातले टास्क लॅपटॉपच्या बाहेर पडत नाहीत. शेवटची तीन अक्षरं बघून निर्णय घेतला तर नेमका हाच प्रकार निसटतो.

रानवारा

केलं. फोल्डरप्रमाणे लावल्यावर तीन मथळे आले. पहिला कामाच्या खात्याचा इनबॉक्स, त्याखाली फ्लॅग लावलेले मेल. हे फोनवर दिसतात. दुसरा माझ्या डोमेनच्या खात्याचा इनबॉक्स, त्याखाली त्या खात्यातले फ्लॅग. हे दिसत नाहीत. तिसरा Tasks, आणि ओढून केलेले सगळे टास्क त्याच्याखाली. डावीकडे पाहिलं तर हा Tasks माझ्या डोमेनच्या खात्याखालचा आहे आणि त्यापुढे This computer only लिहिलंय. कामाच्या खात्याखाली वेगळा Tasks आहे, तो पूर्ण रिकामा. Data Files मध्ये डीफॉल्टची खूण माझ्या डोमेनच्या फाइलवर आहे, आणि हो, ती .ost आहे.

पण बहुतेक ओढलेले मेल कामाच्या इनबॉक्समधले होते. मग टास्क दुसऱ्या खात्यात का गेले?

कळसूत्र

कारण मेल कुठून उचलला याला महत्त्व नाही. Tasks च्या चिन्हावर टाकलं की आउटलुक नवीन टास्क डीफॉल्ट डेटा फाइलमधल्या Tasks फोल्डरमध्ये बनवतं. तुमच्याकडे डीफॉल्ट आहे डोमेनचं खातं. लॅपटॉपवर ते खातं आधी जोडलं गेलं असेल आणि कामाचं नंतर, तर असंच होतं. पहिलं खातं डीफॉल्ट होतं आणि नंतर ते बदलायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण मेल पाठवण्या-घेण्यात काहीच अडत नाही.

फ्लॅगची गोष्ट वेगळी. फ्लॅग लावताना नवीन वस्तू तयार होत नाही. फ्लॅग ही त्या मेलवरचीच एक खूण आहे, म्हणून तो मेल ज्या मेलबॉक्समध्ये, तिथेच ती राहते. कामाच्या मेलचा फ्लॅग कामाच्या सर्व्हरवर गेला, टू डूला सापडला. डोमेनच्या मेलचा फ्लॅग आयमॅपने त्या सर्व्हरवर गेला खरा. फोनच्या मेल ॲपमध्ये ते खातं असेल तर तिथे तो झेंडा किंवा तारा म्हणून दिसेलही. पण टू डू त्या सर्व्हरकडे जातच नाही. शिवाय आयमॅपमध्ये फ्लॅग म्हणजे आहे किंवा नाही एवढंच. तारीख, आठवण, मुदत यांची सोय त्यात नाही. म्हणून आयमॅप खात्यातल्या मेलवर राइट क्लिक केलं तर Today, Tomorrow, This Week असे पर्याय मिळत नाहीत.

तेव्हा तुमचा नियम असा: कामाच्या खात्यातला फ्लॅग येतो, डोमेनच्या खात्यातला येत नाही, आणि ओढून केलेला टास्क मेल कुठलाही असला तरी येत नाही.

रानवारा

आता चित्र स्पष्ट झालं. दुरुस्ती कशी करायची? आधीचे टास्क हरवायला नकोत, त्यातल्या बऱ्याच टास्कमध्ये मी खाली टिपणं लिहिली आहेत.

कळसूत्र

या क्रमाने करा.

आधी फोन ठीक आहे याची खात्री. ब्राउझरमध्ये to-do.office.com उघडा, कामाच्या खात्याने लॉगिन करा, आणि तिथे एक चाचणीचा टास्क लिहा. तो फोनवर आला की सर्व्हर ते फोन हा अर्धा रस्ता मोकळा आहे हे सिद्ध झालं. पुढे प्रत्येक पायरीनंतर आधी ब्राउझरमध्ये बघा आणि मग फोनवर. ब्राउझरमध्ये नसलेली गोष्ट फोनवर शोधण्यात वेळ जातो, आणि लोकांचा बहुतेक वेळ तिथेच जातो.

मग जुन्या टास्कची प्रत. File, Open & Export, Import/Export, त्यात फाइलमध्ये एक्स्पोर्ट, प्रकार .pst, आणि फोल्डर म्हणून तो This computer only वाला Tasks. ही प्रत काम पूर्ण होईपर्यंत ठेवा.

मग डीफॉल्ट बदला. Data Files मध्ये कामाच्या खात्याची ओळ निवडून Set as Default. आउटलुक बंद करून पुन्हा उघडा. आता एखादा मेल ओढून Tasks वर टाका, सेव्ह करा, आणि तो कामाच्या खात्याखालच्या Tasks मध्ये गेला का बघा. थोड्या वेळात ब्राउझरमध्येही यायला हवा. टू डूमध्ये तो Tasks नावाच्या यादीत दिसेल, Flagged email मध्ये नाही.

डीफॉल्ट बदलल्याने जुने टास्क जागचे हलत नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ते हाताने हलवावे लागतात. This computer only वाला Tasks उघडा, Change View मधून Simple List घ्या, हवे ते निवडा, Ctrl+Shift+V दाबा आणि कामाच्या खात्याचा Tasks निवडा. आधी दोन-तीनच हलवा. ते टिपणांसकट ब्राउझरमध्ये नीट दिसले की मग बाकीचे. पूर्ण झालेले जुने टास्क मागेच राहू द्या, नाहीतर तेही फोनवर जातील.

निवडुंग

मध्येच बोलतो, माझा प्रकार थोडा वेगळा पण दुखणं तेच. मी थंडरबर्ड वापरतो. मेलवर राइट क्लिक, Convert To, मग Task. फोनवर काही नाही. माझं कॅलेंडर नेक्स्टक्लाउडवर आहे, ते थंडरबर्डला जोडलेलंय, फोनवर DAVx⁵ आहे, भेटीगाठी दोन्हीकडे बरोबर येतात. म्हणजे सिंक चालू आहे. फक्त टास्क नाहीत.

कळसूत्र

@निवडुंग, तुमच्याकडे दोन ठिकाणी बघावं लागेल. टास्कची खिडकी उघडते तेव्हा वर कॅलेंडर निवडायची जागा असते. तिथे Home असेल तर ते मशीनवरचं कॅलेंडर आहे, ते कुठेही जात नाही. तिथे नेक्स्टक्लाउडचं कॅलेंडर निवडा. आधीचे टास्कही उघडून तिथलं कॅलेंडर बदललं की हलतात.

दुसरं फोनचं. भेटी दाखवायला अँड्रॉइडचं कॅलेंडर असतंच, पण टास्क ठेवायला स्वतंत्र ॲप लागतं, उदाहरणार्थ Tasks.org किंवा jtx Board. ते टाकून DAVx⁵ च्या सेटिंगमध्ये टास्कसाठी ते ॲप निवडावं लागतं. तोवर DAVx⁵ कडे टास्क आले तरी ते ठेवणार कुठे?

निवडुंग

तुम्ही सांगितलेल्यातलं दुसरं कारण निघालं. थंडरबर्डमध्ये मी कॅलेंडर बरोबर निवडत होतो, फोनवर टास्कचं ॲपच नव्हतं. Tasks.org टाकल्यावर सगळे एकदम आले.

माझा एक सहकारी मात्र हेच गूगल कॅलेंडरशी करायला बघतोय, त्याला जमत नाही.

कळसूत्र

त्याला त्या वाटेने जमणारही नाही. गूगल कॅलेंडर कॅलडॅव्हवर भेटी देतं-घेतं, पण टास्क स्वीकारत नाही. गूगल टास्क्सचा मार्ग वेगळा आहे. त्यामुळे थंडरबर्डला गूगलचं कॅलेंडर नुसतं कॅलडॅव्हने जोडून टास्क फोनवर नेता येणार नाहीत.

टिपणवही

मग रानवारा यांनी सरळ नवीन आउटलुकवर का जाऊ नये? त्यात टू डूच आत बसवलेलं आहे. This computer only हा प्रकारच नाही.

कळसूत्र

पुढच्या टास्कसाठी ते खरं आहे. पण जुने टास्क हलवायच्या आधी तिकडे गेलात तर ते नव्या आउटलुकमध्ये दिसणार नाहीत, आणि माणूस घाबरतो की सगळं पुसलं गेलं. ते पुसलेले नसतात, क्लासिक आउटलुकच्या फाइलमध्ये असतात. म्हणून आधी हलवा, मग हवं तर जा.

रानवारा

सगळं केलं. डीफॉल्ट बदलल्यावर ओढलेला नवीन टास्क ब्राउझरमध्ये आला आणि फोनवरही. जुनेही हलवले, टिपणं शाबूत आहेत. तारखाही बरोबर.

एक गोष्ट खटकली. काही टास्क मी उजव्या बटणाने ओढून, मेल आत जोडलेला राहील अशा पर्यायाने केले होते. लॅपटॉपवर त्या टास्कमधून मूळ मेल उघडतो. फोनवर टास्क आला, पण आतला मेल उघडता येत नाही.

कळसूत्र

तसंच होणार. तो जोडलेला मेल आउटलुकची स्वतःची वस्तू आहे. फोनवर मूळ मेलपर्यंत जायचं असेल तर कामाच्या खात्यातल्या मेलला फ्लॅग लावणं हाच चांगला मार्ग. Flagged email मधल्या ओळीत मेल उघडण्याचा दुवा असतो. तिथे काम पूर्ण केलं की मेलवरचा फ्लॅगही पूर्ण झाल्याची खूण घेतो.

ओढून केलेल्या टास्कचा मेलशी असा धागा राहत नाही. मेलचा मजकूर टास्कमध्ये उतरतो आणि नंतर दोघांचा संबंध संपतो. तुम्हाला खाली स्वतःचं टिपण लिहायचं असेल, किंवा मेल कुठे हलला-पुसला तरी काम यादीत राहायला हवं असेल, तर टास्क बरा. नुसतं "याला उत्तर द्यायचंय" एवढंच असेल तर फ्लॅग. मी स्वतः फ्लॅगच जास्त वापरतो.

फ्लॅगबाबत एक सावधगिरी. जुने मेल आपोआप .pst मध्ये हलवायची व्यवस्था असेल, तर फ्लॅग लावलेला मेलही सर्व्हरवरून उठून मशीनवरच्या फाइलीत जातो. लॅपटॉपच्या To-Do List मध्ये तो तसाच दिसत राहतो, पण फोनवरून गायब. "आधी दिसत होतं, आता दिसत नाही" असं कुणी म्हटलं की मी पहिल्यांदा हेच तपासतो. Arrangement मध्ये Folder लावलं की लगेच कळतं.

मधुमालती

माझ्याकडे यादी चालू केल्यावर जुने सगळे फ्लॅग आले नव्हते, फक्त अलीकडचे आले. तेही यामुळेच का?

कळसूत्र

नाही, ते वेगळं. यादी पहिल्यांदा चालू केली की साधारण मागच्या ३० दिवसांतले फ्लॅगच आणले जातात, तेही १०० पर्यंत. त्याआधीचा एखादा हवा असेल तर त्या मेलचा फ्लॅग काढून पुन्हा लावून बघा.

आडवाट

उशिरा येतोय. आयफोनवर टू डू न टाकता चालतं का? मी फोनच्या सेटिंगमध्ये कामाचं एक्स्चेंज खातं जोडलंय आणि Reminders मध्ये टास्क येतात, पण फ्लॅग येत नाहीत.

कळसूत्र

खात्याच्या सेटिंगमध्ये Reminders चालू असलं की एक्स्चेंजच्या Tasks फोल्डरातले टास्क तिथे येतात, तुम्ही म्हणता तसे. फ्लॅग लावलेले मेल तिथे येत नाहीत, ते फोनच्या मेल ॲपमध्ये फ्लॅग म्हणून दिसतात. दोन्ही एकाच यादीत हवे असतील तर टू डू लागेल.

रानवारा

डोमेनच्या खात्यातल्या मेलचं काय करायचं ते ठरवलं. त्यांना फ्लॅग लावत नाही, ओढून टास्क करते. डीफॉल्ट आता कामाचं खातं असल्याने ते तिथे जातात आणि फोनवर दिसतात.

कळसूत्र

चालेल. मात्र त्यासोबत त्या मेलचा मजकूर कामाच्या सर्व्हरवर जातो, कारण तो टास्कमध्ये उतरतो. खाजगी काही असेल तर सेव्ह करण्याआधी मजकूर पुसून फक्त विषय ठेवा.

रानवारा

हे लक्षात आलं नव्हतं. विषयच ठेवते.

आडवाट

अजून एक. आमच्या गटाचा एक सामायिक मेलबॉक्स आहे, तिघे जण त्यातून काम करतो. त्यातल्या मेलला लावलेला फ्लॅग आउटलुकमध्ये दिसतो, पण कुणाच्याच टू डूमध्ये येत नाही.

कळसूत्र

सामायिक मेलबॉक्समधले फ्लॅग टू डूमध्ये येत नाहीत. ॲप ज्याने लॉगिन केलंय त्याच्या स्वतःच्या मेलबॉक्सकडेच पाहतं. ज्याच्याकडे ते काम आहे त्याने तो मेल ओढून आपल्या Tasks मध्ये टाकायचा, तर त्याच्या फोनवर येईल.

आडवाट

करून पाहिलं, आलं. पण मी फोनवर टास्क पूर्ण केला तरी सामायिक मेलवरचा फ्लॅग तसाच राहतो आणि दुसरा माणूस तेच काम पुन्हा हाती घेतो. त्याला काही उपाय?

कळसूत्र

दोघांत दुवा नाही, त्यामुळे आपोआप होणार नाही. आमच्याकडे काम संपवणाऱ्याने लॅपटॉपवर परत आल्यावर फ्लॅगही पूर्ण करायचा असं ठरलंय, पण ते माणसावर अवलंबून आहे. कुणी काही पक्कं बसवलं असेल तर इथे लिहा, मलाही हवंय.

निवडुंग

आम्ही सामायिक मेलबॉक्समध्ये प्रत्येकाच्या नावाचा फोल्डर केलाय. काम हाती घेताना मेल आपल्या फोल्डरमध्ये हलवायचा. फ्लॅग राहिला तरी काम कुणाकडे आहे ते कळतं. फोनवरच्या यादीचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

आडवाट

फोल्डरचं उद्या गटात सुचवतो. दुव्याचा काही मार्ग सापडला तर याच धाग्यावर कळवतो.